ताऱ्यांचे वर्णपटीय वर्ग: ओ पासून एम पर्यंतची अक्षरे आणि त्यांतून कळणारे तापमान (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ओ, बी, ए, एफ, जी, के, एम ही अक्षरे नेमके काय सांगतात?

ताऱ्याच्या प्रकाशाचा वर्णपट घेतला की इंद्रधनुष्यी पट्ट्यावर काळ्या रेषा दिसतात. ताऱ्याच्या बाहेरच्या वायुथरातले अणू ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषतात, म्हणून त्या जागा काळ्या पडतात. कोणत्या रेषा दिसतात आणि त्या किती ठळक आहेत, यावरून ताऱ्याला अक्षर मिळते. ते मुख्यतः त्या वायुथराचे तापमान सांगते.

ओ वर्गाचे तारे ३०,००० केल्विनच्या वरचे, निळसर. बी १०,००० ते ३०,०००, ए साधारण ७,५०० ते १०,०००, एफ ६,००० ते ७,५००, जी ५,२०० ते ६,०००, के ३,७०० ते ५,२०० आणि एम त्याखाली, सुमारे २,४०० केल्विनपर्यंत, लालसर. या सीमा वेगवेगळ्या तक्त्यांत शे-दोनशे केल्विनने इकडेतिकडे असतात. त्यात घोटाळा नाही. वर्ग रेषा पाहून ठरतो, तापमान त्यावरून मागाहून काढले जाते, आणि ते काढण्याच्या पद्धती एकाहून अधिक आहेत.

अक्षरांचा क्रम असा विस्कळीत का?

१८९० मध्ये हार्वर्ड वेधशाळेच्या सूचीसाठी विल्यमिना फ्लेमिंग यांनी ताऱ्यांना अक्षरे दिली तेव्हा आधार होता हायड्रोजनच्या रेषांचा. सर्वांत ठळक हायड्रोजन रेषा ज्यांत, ते ए, त्याहून फिक्या, ते बी, असे पुढे. तापमानाचा विचार त्यात नव्हता. १९०१ मध्ये ॲनी जंप कॅनन यांनी काही अक्षरे गाळली आणि उरलेली अशा रीतीने लावली की हायड्रोजनच नव्हे, तर सगळ्याच रेषा एका वर्गातून दुसऱ्या वर्गात हळूहळू बदलत जातील. त्या मांडणीत ओ आणि बी हे ए च्या आधी आले. हा क्रम खरोखर उतरत्या तापमानाचा का आहे, याचे भौतिकी कारण मेघनाद साहा यांच्या १९२० च्या आयनीभवनाच्या, म्हणजे अणूतून इलेक्ट्रॉन निघून जाण्याच्या, समीकरणातून मिळाले.

सूर्यात हायड्रोजन भरपूर, तरी हायड्रोजनच्या सर्वांत ठळक रेषा अभिजितमध्ये कशा?

या एका प्रश्नाचे उत्तर नीट समजले की अक्षरे पाठ करावी लागत नाहीत. म्हणून इथे जरा थांबू.

दृश्य प्रकाशातल्या हायड्रोजन रेषा, म्हणजे बामर मालिका, प्रत्येक हायड्रोजन अणू देऊ शकत नाही. ज्या अणूचा इलेक्ट्रॉन आधीच दुसऱ्या ऊर्जा पातळीवर चढलेला आहे, तोच हा प्रकाश शोषतो. पहिल्या पातळीवरून दुसरीवर चढायला १०.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. ही ऊर्जा उष्णतेतून मिळते, त्यामुळे दुसऱ्या पातळीवर किती अणू असतील हे तापमान ठरवते. `N1` आणि `N2` म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या पातळीवरचे अणू, `T` म्हणजे केल्विनमधले तापमान:

```
N2/N1 = 4 × exp(−10.2 / kT)
k = 8.617 × 10^−5 eV/K
```

आता आकडे घालून पाहा. सूर्याच्या ५,७७२ केल्विनला `kT` येतो सुमारे ०.४९७ इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि गुणोत्तर येते साधारण ५ भागिले १ अब्ज. म्हणजे २० कोटी अणूंमागे एकच अणू बामर रेषेसाठी तयार असतो. अभिजितच्या ९,६०० केल्विनला तेच गुणोत्तर ५७ हजारांत १ होते. तापमान दुप्पटही झाले नाही, पण तयार अणू साडेतीन हजार पट वाढले.

मग २०,००० केल्विनच्या बी ताऱ्यात रेषा आणखी ठळक हव्यात. सूत्र तर सांगते की तिथे दर ९३ अणूंमागे एक दुसऱ्या पातळीवर आहे. पण हे सूत्र फक्त शाबूत अणूंची गोष्ट करते. इलेक्ट्रॉन पूर्ण निघून गेलेला हायड्रोजन कोणतीच रेषा देत नाही, आणि तो किती आहे हे साहांचे समीकरण सांगते. इलेक्ट्रॉनांचा दाब २० पास्कल धरला तर ९,६०० केल्विनला जवळपास निम्मा हायड्रोजन शाबूत असतो. २०,००० केल्विनला मात्र ३५ हजारांत एकच अणू शाबूत उरतो.

दोन्ही परिणाम एकत्र केले की एकूण हायड्रोजनपैकी रेषेच्या कामाचा अणू सूर्यात २० कोटींत १, अभिजितमध्ये सव्वा लाखाच्या आत १ आणि २०,००० केल्विनला सुमारे ३३ लाखांत १ असा हिशेब येतो. ए वर्गाच्या सुरुवातीला शिखर, दोन्ही बाजूंना उतार. रेषेचा ठळकपणा या आकड्यांच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, कारण वायुथर किती पारदर्शक आहे याचाही त्यात वाटा असतो. पण शिखर कुठे येते, ते या हिशेबातूनच कळते.

हीच अडचण १९२५ मध्ये सेसिलिया पेन यांनी सोडवली. रेषांच्या ठळकपणातून तापमानाचा परिणाम वजा केल्यावर त्यांना ताऱ्यांत हायड्रोजनच प्रचंड प्रमाणात असल्याचे आढळले. तोवर ठळक रेषा म्हणजे त्या मूलद्रव्याचा मोठा साठा असे समजले जाई. लोखंड आणि कॅल्शियमच्या रेषांनी गजबजलेला सूर्याचा वर्णपट पाहून आजही पुष्कळांची हीच चूक होते.

एकाच हायड्रोजन रेषेवरून वर्ग ठरवता येईल का?

नाही. शिखराला दोन उतार असल्यामुळे मध्यम ठळक हायड्रोजन रेषा बी मध्येही मिळतात आणि एफ मध्येही. कोणता उतार हे ठरवायला दुसरी रेषा हवी. ४४७.१ नॅनोमीटरला उदासीन हेलियमची रेषा दिसली तर तारा उष्ण बाजूचा, म्हणजे बी. हेलियमला उद्दीपित करायला इतकी ऊर्जा लागते की १०,००० केल्विनखालच्या सर्वसाधारण ताऱ्यात ही रेषा जवळपास सापडत नाही. त्याऐवजी ३९३.४ नॅनोमीटरला एकदा आयनीभूत झालेल्या कॅल्शियमची ‘के’ रेषा ठळक असेल तर तारा थंड बाजूचा, म्हणजे एफ.

रेषेच्या या ‘के’ नावाचा के वर्गाशी काही संबंध नाही. दोन नावे जुळली, इतकेच.

इतर अक्षरे कोणत्या खुणांनी ओळखायची?

ओ ची खूण म्हणजे आयनीभूत हेलियमची ४५४.१ नॅनोमीटरची रेषा. हेलियमचा एक इलेक्ट्रॉन काढायलाच २४.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, म्हणून ती दिसली की तापमानाबद्दल शंका राहत नाही. झीटा पपिस या ओ४ ताऱ्याचे तापमान ४०,००० केल्विनच्या आसपास आहे.

जी मध्ये कॅल्शियमच्या आयनाच्या दोन रेषा, ३९३.४ आणि ३९६.८, वर्णपटाचे जांभळे टोक अक्षरशः खाऊन टाकतात. शिवाय ४३०.८ नॅनोमीटरजवळ कार्बन आणि हायड्रोजनच्या जोडरेणूचा पट्टा दिसतो. के मध्ये उदासीन धातू वरचढ होतात. ४२२.७ नॅनोमीटरची उदासीन कॅल्शियमची रेषा तिथे पाहावी. एम मध्ये तापमान इतके कमी असते की टायटॅनियम ऑक्साइडचे रेणू टिकतात आणि त्यांचे रुंद पट्टे सगळा वर्णपट पायऱ्या-पायऱ्यांचा करून टाकतात.

अक्षरापुढचा आकडा आणि शेवटचा रोमन अंक कशासाठी?

प्रत्येक वर्गाचे ० ते ९ असे उपविभाग आहेत. ० उष्ण टोक, ९ थंड टोक. सूर्य जी२, म्हणजे जी वर्गाच्या उष्ण बाजूचा. व्याध ए१, प्रश्वा एफ५, रोहिणी के५.

सूचीत सूर्यापुढे `G2V` असे दिसते. त्यातला `V` हा रोमन पाच. तो दीप्तिवर्ग आहे आणि १९४३ पासून रूढ झाला. `I` महाराक्षसी, `III` राक्षसी, `V` मुख्य क्रमावरचा, म्हणजे सूर्यासारखा केंद्रात हायड्रोजन जाळणारा तारा. अक्षर सारखे असले तरी हा अंक बदलला की तापमानात फरक पडतो. राक्षसी ताऱ्याचा वायुथर विरळ असतो आणि विरळ वायूत अणू कमी तापमानालाही आयनीभूत होतात. त्यामुळे त्याच रेषा उमटायला तिथे कमी उष्णता पुरते. जी आणि के वर्गात राक्षसी तारा त्याच उपविभागाच्या मुख्य क्रमावरच्या ताऱ्यापेक्षा काहीशे केल्विनने थंड निघतो. नुसत्या ‘जी५’ वरून तापमान लिहिताना हे हमखास निसटते.

रंग पाहूनच तापमान कळते ना, मग रेषा कशाला?

रंग ढोबळ अंदाजाला ठीक. मृग नक्षत्रात काक्षी आणि राजन्य शेजारी-शेजारी पाहिले तर एक नारिंगी आणि एक निळसर पांढरा, हे नुसत्या डोळ्यांनी कळते. काक्षी एम वर्गाचा, सुमारे ३,६०० केल्विन. राजन्य बी८, सुमारे १२,००० केल्विन.

पण रंग वाटेत बदलतो. आंतरतारकीय धूळ निळा प्रकाश जास्त अडवते आणि तारा आहे त्यापेक्षा लालसर दिसतो. भुजंगधारी तारकासमूहातला झीटा ओफियुची हे याचे उत्तम उदाहरण. त्याचा मोजलेला निळा-उणे-पिवळा रंगांक सुमारे +०.०२ आहे. हा आकडा जितका कमी, तितका तारा निळा. अभिजितचा रंगांक ०.०० असल्यामुळे केवळ रंगावर भिस्त ठेवली तर हा तारा ए० आणि ९,६०० केल्विनच्या आसपासचा ठरेल. त्याच्या वर्णपटात मात्र आयनीभूत हेलियम आहे. वर्ग ओ९.५ आणि तापमान ३०,००० च्या वर. धूळ नसती तर रंगांक –०.३ च्या जवळ आला असता. धूळ सगळा प्रकाश मंद करते, पण एका रेषेचे शेजारच्या रेषेशी असलेले प्रमाण बिघडवत नाही. अक्षर रंगापेक्षा भरवशाचे ठरते ते यामुळे.

क्षितिजाजवळचा तारा आपल्याच वातावरणामुळे लालसर होतो, ही याचीच छोटी आवृत्ती. रंग पाहायचाच असेल तर तारा निदान ४० अंश वर आल्यावर पाहावा.

हिरवा तारा का दिसत नाही?

५,७७२ केल्विनला उत्सर्जनाचे शिखर ५०२ नॅनोमीटरला, म्हणजे हिरव्यातच येते. पण शिखर पसरट असते. त्याच्या दोन्ही बाजूंचा निळा आणि लाल प्रकाशही भरपूर येतो, आणि डोळ्याला ते मिश्रण पांढरे दिसते.

स्वतः वर्णपट घेऊन वर्ग ओळखता येतो का?

येतो, आणि महागड्या वर्णपटमापकाशिवाय. एका मिलिमीटरला १०० रेघा असलेले ग्रेटिंग, म्हणजे बारीक समांतर रेघांनी प्रकाशाचा वर्णपट पाडणारी काच, कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढे ४० मिलिमीटरवर बसवले आणि पिक्सेल ३.७५ मायक्रोमीटरचा असला तर किती नॅनोमीटर एका पिक्सेलवर पडतील ते आधीच काढता येते. रेघांमधले अंतर १०,००० नॅनोमीटर. त्याला ०.००३७५ ने गुणून ४० ने भागले की ०.९४ नॅनोमीटर प्रति पिक्सेल येते.

चित्रात ताऱ्याचा मूळ ठिपका आणि त्याच्या बाजूला लांबट वर्णपट, दोन्ही यायला हवेत. मोजमाप ठिपक्यापासून करायचे. ग्रेटिंगचे अंतर अर्ध्या मिलिमीटरनेही चुकलेले असू शकते, म्हणून पहिला वर्णपट नेहमी ए ताऱ्याचा घ्यावा. त्याच्या रेषा ठळक आणि मोजक्या असतात. समजा अभिजितचा ठिपका ११२ व्या पिक्सेलवर आहे आणि एक ठळक खाच ६३० व्या पिक्सेलवर. अंतर ५१८. ही हायड्रोजनच्या बामर मालिकेतली एच-बीटा, म्हणजे ४८६.१ नॅनोमीटर असेल, तर प्रमाण पडते ०.९३८४. हा अंदाज तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. एच-गॅमा ४३४.० ला असते, ती ठिपक्यापासून ४६२ किंवा ४६३ पिक्सेलवर मिळाली पाहिजे, आणि ४१०.२ ची एच-डेल्टा ४३७ वर. जांभळ्याकडे जाताना खाचा अशा जवळजवळ येत असतील तर ओळख बरोबर आहे.

आता त्याच जुळणीत, काहीही न हलवता, एका नारिंगी ताऱ्याचा वर्णपट घेतला. ठिपक्यापासून ५२८, ५५१, ५८१, ६५६ आणि ७५२ पिक्सेलवर तेज एकदम कोसळते. ०.९३८४ ने गुणल्यावर ४९५.५, ५१७.१, ५४५.२, ६१५.६ आणि ७०५.७ नॅनोमीटर येतात. टायटॅनियम ऑक्साइडचे पट्टे ४९५.४, ५१६.७, ५४४.८, ६१५.९ आणि ७०५.४ ला सुरू होतात. पाचही अर्ध्या पिक्सेलच्या आत जुळले. तारा एम वर्गाचा, तापमान ३,८०० केल्विनच्या खाली.

याच वर्णपटात ७३२ आणि ८११ पिक्सेलवरही खाचा आहेत. त्या कोणत्या रेणूच्या?

त्या ६८७ आणि ७६१ नॅनोमीटरला येतात आणि ताऱ्याच्या नाहीतच. आपल्या वातावरणातला ऑक्सिजन तिथे प्रकाश शोषतो. ओळखायची रीत सोपी आहे: अभिजितच्या चित्रातही त्या त्याच जागी सापडतात. जी खाच प्रत्येक ताऱ्यात तीच राहते, ती वर्ग ठरवण्यातून वगळावी. लाल टोकाच्या या दोन खाचा पाहून के ताऱ्याला एम ठरवण्याची चूक फार होते.

दुसरा सापळा ५१७ चा. तिथे मॅग्नेशियमच्या तीन जवळजवळ रेषाही असतात आणि त्या जी आणि के ताऱ्यांत ठळक दिसतात. फरक आकारात आहे. टायटॅनियम ऑक्साइडचा पट्टा निळ्या बाजूने कड्यासारखा सरळ तुटतो आणि लालकडे हळूहळू भरून येतो. मॅग्नेशियमची खाच दोन्ही बाजूंनी सारखी असते. ५१७ एकटेच असेल आणि ६१६, ७०५ ची पायरी नसेल, तर एम लिहू नये.

रेषाच दिसत नाहीत, नुसता रंगीत पट्टा येतो. काय चुकले?

बहुतेक वेळा फोकस. फोकस ठिपक्यावर केला तर वर्णपट थोडा बाहेर राहतो आणि रेषा पुसल्या जातात. ठिपका किंचित पसरला तरी चालेल, ए ताऱ्याची एच-बीटा खाच सर्वांत अरुंद दिसेल तिथे फोकस ठेवावा. दुसरे कारण म्हणजे जास्त वेळ दिलेले चित्र. तेज सेन्सरच्या मर्यादेला टेकले की खाचा भरून निघतात. आलेखाचा सर्वांत उंच बिंदू कमाल मर्यादेच्या सुमारे ७० टक्क्यांवर राहील इतकाच वेळ द्यावा.

आलेखाचा सर्वांत उंच भाग जिथे आहे, त्या तरंगलांबीवरून थेट तापमान काढले तर?

आकडा चुकेल, आणि जवळपास प्रत्येक ताऱ्याला सारखाच येईल. कच्च्या आलेखातला उंचवटा हा बराचसा सेन्सरचा असतो. सेन्सर हिरव्याच्या आसपास जास्त संवेदनशील, म्हणून तिथे फुगवटा. ज्ञात वर्गाच्या ताऱ्याच्या प्रमाणित आलेखाने भागून सेन्सरचा आणि वातावरणाचा परिणाम काढला नाही, तोवर एकूण उताराला अर्थ नाही. रेषांच्या आणि पट्ट्यांच्या जागांना मात्र ही दुरुस्ती लागत नाही.

एका निळ्या ताऱ्यात ६५६.३ ला खाचेऐवजी उंच टोक आले. चित्र बिघडले का?

तसे नाही. शर्मिष्ठेतला गॅमा हा तारा असाच आहे. वर्ग बी, पण त्याच्याभोवती वायूची चकती आहे आणि ती एच-अल्फाचा प्रकाश सोडते. अशा ताऱ्याच्या वर्गापुढे लहान `e` लिहितात. तिथे हायड्रोजनच्या ठळकपणावरून उपविभाग काढायला जाऊ नये, कारण चकतीचा प्रकाश खाचा अर्धवट भरून टाकतो. हेलियमच्या रेषांचा आधार घ्यावा.

अशा साध्या जुळणीने कितपत बारकाव्याने वर्ग सांगता येतो?

ए आणि एम निश्चित ओळखता येतात. एम मध्ये पट्ट्यांच्या खोलीवरून उपविभागाचाही अंदाज येतो. बी मधली हेलियमची रेषा अरुंद असते, त्यासाठी हवा स्थिर हवी आणि पंचवीस-तीस चित्रे एकत्र करावी लागतात. एफ, जी आणि के मध्ये शेकडो धातुरेषा एकमेकांत मिसळून जातात. तिथे एका अक्षराची चूक धरूनच चालावे. उपविभाग किंवा दीप्तिवर्ग हवा असेल तर फटीचा वर्णपटमापक लागतो.

एम च्या खाली काय आहे?

एल आणि टी हे वर्ग १९९९ मध्ये आले, वाय २०११ मध्ये. एल मध्ये टायटॅनियम ऑक्साइडचे पट्टे ओसरतात, कारण इतक्या थंडाव्यात टायटॅनियम घन कणांत गोठून वायूतून बाहेर पडते. टी मध्ये मिथेनचे पट्टे येतात. यातल्या पुष्कळ वस्तू तारे नसून तपकिरी बटू, म्हणजे हायड्रोजन जाळत राहण्याइतके वस्तुमान नसलेले गोळे आहेत, आणि त्यांचा बहुतेक प्रकाश अवरक्त असल्यामुळे वर सांगितलेल्या जुळणीत त्या सापडत नाहीत.